कैचीतल्या मेंबरचं बल: सांधा धरायचा की छेद घ्यायचा?

प्रश्न: छपराची फिंक कैची सोडवतोय. डाव्या आधारापासून सांधा पद्धतीने निघालो. तीन सांधे सुटले, आता पुढच्या प्रत्येक सांध्यावर तीन अज्ञात उरतात. ‘सगळी मेंबर हवी असतील तर सांधे, मोजकी हवी असतील तर छेद’ असं शिकवलं होतं. मला सगळीच हवी आहेत, मग मी अडकलो कसा? कुठली पद्धत घ्यायची हे आधीच कसं ओळखायचं?

उत्तर:

तुम्हाला शिकवलेला नियम खोटा नाही, पण तो फक्त मेहनतीबद्दल बोलतो. किती आकडेमोड होईल ते तो सांगतो, वाट पुढे आहे की बंद हे सांगत नाही. तुमची अडचण दुसऱ्या प्रकारची आहे.

दोन्ही पद्धतींत आपण एकच गोष्ट करतो: कैचीचा एक तुकडा वेगळा काढतो आणि तो समतोलात आहे असं लिहितो. सांधा हा सगळ्यात लहान तुकडा. त्याच्यावरची सगळी बलं एकाच बिंदूतून जातात, म्हणून मोमेंटचं समीकरण तिथे काहीच नवं सांगत नाही आणि हातात दोनच समीकरणं राहतात. छेद घेतला की तुकडा मोठा होतो, बलं वेगवेगळ्या बिंदूंतून जातात आणि मोमेंट कामाला येतो. मोमेंटचा फायदा असा की तो कुठल्या बिंदूभोवती घ्यायचा हे आपण ठरवतो. नको असलेली दोन मेंबर जिथे मिळतात तो बिंदू धरला की ती दोन्ही समीकरणातून निघून जातात आणि तिसरं एकटं उरतं.

म्हणून मी ‘कुठली पद्धत’ असं विचारत नाही. आत्ता या क्षणी एकच अज्ञात असलेलं समीकरण कुठे मिळेल, एवढंच शोधतो. कधी ते सांध्यावर मिळतं, कधी छेदात. तुमच्याच प्रकारच्या कैचीवर हे करून बघू.

गाळा १६ मीटर, शिखराची उंची ६ मीटर. डावा आधार ‘अ’. तिथून शिखर ‘श’ पर्यंतचा तिरपा वरचा दांडा १० मीटर लांब आहे. त्याचे चार सारखे भाग करा, म्हणजे मधे ब, क, ड हे सांधे येतात. आधारापासूनची त्यांची आडवी अंतरं २, ४ आणि ६ मीटर, आणि शिखराचं ८ मीटर. ब, क आणि ड पासून वरच्या दांड्याला काटकोनात टेकण्या खाली जातात. ब ची टेकणी तळाच्या आडव्या दांड्याला ‘ग’ वर मिळते (अ पासून ३.१२५ मीटर) आणि क ची मुख्य टेकणी ‘फ’ वर (अ पासून ६.२५ मीटर). फ पासून एक तिरपा ताण-दांडा थेट शिखराकडे जातो. त्याच्या मध्यावर ‘ह’ हा सांधा आहे आणि ड ची टेकणी तिथे येते. शिवाय क पासून दोन छोटे ताण-दांडे निघतात, एक ग कडे आणि एक ह कडे. उजवी बाजू आरशातली. फ चा उजवीकडचा जोडीदार ‘म’, आणि फ-म हा तळाचा मधला दांडा. वाचताना कागदावर आकृती काढून घ्या, नाहीतर पुढचं सगळं हवेत राहील.

भार: वरच्या दांड्यावरच्या आधार सोडून सातही सांध्यांवर १२ किलोन्यूटन, सरळ खाली. आधारावरच्या सांध्यांवर निम्मे, म्हणजे ६. एकूण ९६, म्हणून प्रत्येक आधाराची रिअॅक्शन ४८. पण अ वर ६ चा भार थेट आधारात उतरतो, म्हणून कैचीला वर ढकलणारं निव्वळ बल ४२. हा ४८ आणि ४२ चा फरक लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावर एक गोष्ट सांगायची आहे.

आता तुम्ही निघालात तसंच निघू. अ वर दोन मेंबर आहेत. वरच्या दांड्याचा उतार असा की साइन ०.६ आणि कोसाइन ०.८. उभ्या समतोलातून अ-ब मध्ये ४२ भागिले ०.६, म्हणजे ७० चा दाब. आडव्यातून अ-ग मध्ये ५६ चा ताण.

ब वर अक्ष हुशारीने घ्या. आडवा-उभा न घेता वरच्या दांड्याला काटकोनात बलं मोजा. अ-ब आणि ब-क एकाच रेषेत असल्यामुळे दोन्ही बाद होतात. उरते टेकणी आणि भाराचा लंब घटक, १२ गुणिले ०.८. म्हणजे ब-ग मध्ये ९.६ चा दाब, एका ओळीत. दांड्याच्या दिशेने भाराचा घटक ७.२ आहे, म्हणून ब-क मधला दाब ७० वरून ६२.८ वर येतो.

ग वरही तेच. अ-ग आणि ग-फ दोन्ही आडवे आहेत, म्हणून उभ्या समतोलात फक्त ब-ग आणि ग-क येतात. टेकणी ग ला ७.६८ ने खाली दाबते. ग-क ची उभी कोसाइन ०.९६ आहे, म्हणून त्यात ८ चा ताण. आडव्यातून ग-फ मध्ये ४८ चा ताण.

इथे तुम्ही थांबलात. क वर क-फ, क-ह आणि क-ड अज्ञात. फ वर क-फ, फ-ह आणि फ-म अज्ञात. दोन समीकरणं, तीन अज्ञात.

मेंबर मोजले तर शंका यायला जागा नाही. १५ सांधे, २७ मेंबर, ३ रिअॅक्शन. २७ अधिक ३ बरोबर दोन गुणिले १५. कैची स्थितिनिश्चित आहे, उत्तर एकच आहे आणि ते समतोलातूनच मिळतं. पण ही मोजणी समीकरणं पुरेशी आहेत एवढंच सांगते, ती एकामागून एक सुटत जातील असं वचन देत नाही. तीस समीकरणं एकत्र मांडली तर नक्की सुटतील. हाताने तेच तर टाळायचं आहे.

अडणार की नाही हे आधी ओळखायला मी खोडरबर वापरतो, अगदी शब्दशः. कैचीची पेन्सिलने आकृती काढायची. ज्या सांध्याला दोनच मेंबर उरलेत तो सांधा त्या दोन मेंबरसकट खोडायचा. मग पुढचा तसा सांधा. सगळी आकृती खोडून होत आली, शेवटी एक मेंबर आणि त्याची दोन टोकं उरली, तर सांधा पद्धत सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालेल आणि खोडण्याचा क्रम हाच सोडवण्याचा क्रम. एका त्रिकोणापासून सुरू करून दरवेळी दोन मेंबर आणि एक सांधा जोडत बनवलेली कुठलीही कैची अशी खोडून संपते. आपल्या कैचीत अ जातो, मग ब, मग ग, आणि खोडरबर थांबतो. उजव्या बाजूनेही तसाच. मधे जो सांगाडा उरतो त्यात दोन मेंबरचा एकही सांधा नाही.

का, ते आकृतीकडे जरा दुरून पाहिलं की दिसतं. अ, श, फ मधला डावा भाग स्वतःच एक पूर्ण कैची आहे. उजवा भागही. दोन तयार कैच्या शिखरावरच्या एका सांध्याने आणि तळाच्या फ-म या एका दांड्याने एकमेकींना जोडल्या आहेत. अशा जोड-कैचीत आधी जोड सोडवायची असते. दोन भागांमधून काय जातंय ते कळल्याशिवाय आतले सांधे बोलत नाहीत. आणि दोन मोठे भाग एकमेकांना काय देतात हे विचारायची रीत म्हणजेच छेद.

छेद शिखराच्या किंचित डावीकडून खाली आणा. तो तीन मेंबर कापतो: ड-श, ह-श आणि फ-म. डावा तुकडा घ्या. फ-म हवा आहे, बाकीची दोन शिखरावर मिळतात, म्हणून मोमेंट शिखराभोवती. निव्वळ रिअॅक्शनचं अंतर ८, भारांची अंतरं ६, ४ आणि २:

४२ × ८ − १२ × (६ + ४ + २) = ३३६ − १४४ = १९२

फ-म शिखरापासून ६ मीटर खाली आहे, म्हणून त्यात १९२ भागिले ६, म्हणजे ३२ चा ताण.

इथे दोन ठिकाणी लोक ठेचकाळतात. पहिली ठेच: शिखर डाव्या तुकड्यावर नाही, मग त्याच्याभोवती मोमेंट कसा घ्यायचा? बिनधास्त घ्यायचा. मोमेंटचा बिंदू म्हणजे नुसती जागा, तो तुकड्यावर असायलाच हवा असं नाही, हवेतही चालतो. तुकड्यावरची बलं मात्र सगळी यायला हवीत आणि तुकड्याबाहेरचं एकही यायला नको. दुसरी ठेच यातूनच येते: शिखरावरचा १२ चा भार डाव्या तुकड्यात मोजला जातो. या समीकरणात तो शिखरातून जात असल्याने चूक झाकली जाते, आणि म्हणूनच ती जास्त वाईट. पुढच्या समीकरणात तोच भार उत्तर बिघडवतो आणि मागचं बरोबर आलं म्हणून आपण भलतीकडे शोधत बसतो.

आता परत सांध्याकडे. फ वर डावीकडे ४८ ओढतंय, उजवीकडे ३२, अज्ञात दोनच. टेकणीतला दाब आणि फ-ह मधला ताण यांचा उभा समतोल सांगतो की दाब ताणाच्या १.२ पट आहे. आडव्यात १६ ची तूट भरायची आहे. टेकणी ०.६ ने आणि फ-ह ०.२८ ने हातभार लावतात: १.२ × ०.६ अधिक ०.२८ बरोबर १. म्हणजे फ-ह मध्ये १६ चा ताण आणि क-फ मध्ये १९.२ चा दाब. मग क वर दोनच अज्ञात उरतात: क-ह मध्ये ८ चा ताण, क-ड मध्ये ५५.६ चा दाब. ड वरून ड-श मध्ये ४८.४ चा दाब आणि ड-ह मध्ये ९.६ चा. ह वरून ह-श मध्ये २४ चा ताण. उजवी बाजू सममितीने.

म्हणजे तीन सांधे, एक छेद, पुन्हा सांधे. तुमचा नियम या दोघांना प्रतिस्पर्धी मानतो, पण इथे ती एकाच वाटेवरची पावलं आहेत.

आता एक कबुली. ‘छेदाशिवाय ही कैची सुटत नाही’ असं मी म्हटलं असतं तर एखाद्या चाणाक्ष वाचकाने मला पकडलं असतं. ड कडे पुन्हा बघा. तिथे तीन मेंबर आहेत, पण क-ड आणि ड-श एका रेषेत आहेत. म्हणून काटकोनात बलं मोजली तर टेकणी ड-ह एकटी पडते: ९.६ दाब, आधीचं काहीही माहीत नसताना. मग ह वर फ-ह आणि ह-श एका रेषेत, त्यामुळे त्यांना काटकोनात मोजलं की क-ह एकटा: ८ ताण. आता क वर दोनच अज्ञात राहिले आणि वाट मोकळी. तुम्ही अडलात कारण आधारापासून क्रमाने चालत होतात आणि प्रत्येक सांधा पूर्ण सुटावा अशी अट घातली होतीत. सांधा पूर्ण सुटायला दोन अज्ञातांची मर्यादा आहे, पण अर्धा सुटायला नाही. तीन मेंबर असले आणि त्यांतली दोन एका रेषेत असली, तर तिसरं फुकट मिळतं. त्याच सांध्यावर भारही नसेल तर ते तिसरं शून्य. शून्य-बलाची मेंबर ओळखायचा नियम म्हणजे हाच नियम, भार वजा.

मग छेद कशाला? कारण ही पळवाट वरचा दांडा सरळ आहे म्हणून आहे. ड वर दांड्याला थोडी जरी मोड असती तर काटकोनात मोजताना दुसरं मेंबर डोकावलं असतं आणि दार बंद झालं असतं. छेदाला त्याने फरक पडत नाही, फ-म चा हिशेब तसाच राहतो. म्हणून जोड-कैचीत मी आधी छेदाने जोड सोडवतो आणि पळवाट पडताळणीसाठी ठेवतो. क वर ती लगेच जुळते: दांड्याला काटकोनात भाराचे ९.६, ग-क चे ४.८ आणि क-ह चे ४.८ मिळून १९.२. फ वरून मुख्य टेकणीत आपल्याला तेवढंच मिळालं होतं, वेगळ्या रस्त्याने.

‘छेदात तीनपेक्षा जास्त मेंबर कापायची नाहीत’ हा आणखी एक नियम तुम्ही ऐकला असेल. तोही याच कैचीत तपासून बघा. अ, ब, क, ग हे चार सांधे एका घोळात घ्या आणि भोवती रेघ मारा. रेघ चार मेंबर कापते: क-ड, क-ह, क-फ आणि ग-फ. नियमाप्रमाणे हे निषिद्ध. पण पहिली तिन्ही क वर मिळतात. क भोवती मोमेंट घ्या:

४२ × ४ − १२ × २ = १४४

क ची उंची ३ मीटर, म्हणून ग-फ मध्ये ४८ चा ताण. तीन सांधे चालून जे मिळालं ते एका ओळीत. कापलेल्या मेंबरची संख्या हा खरा निकष नाही. हवं असलेलं सोडून बाकी सगळी एका बिंदूत मिळतात का, हे बघायचं. (बाकीची सगळी समांतर असली तरी चालतं. मग मोमेंटऐवजी त्यांना काटकोनात बलांची बेरीज घ्यायची.) मात्र या चार-कापाच्या छेदातून फक्त ग-फ मिळतं. बाकी तिघांबद्दल तो गप्प आहे आणि त्याच्याकडून जबरदस्तीने काही काढायला जाऊ नका.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर छेद म्हणजे जादू वाटेल. मुख्य टेकणी क-फ छेदाने थेट काढून बघा. ती कापणाऱ्या सोयीच्या छेदात बाकीची मेंबर एका बिंदूत येत नाहीत. तिच्यासाठी फ चा सांधाच बरा. ब-ग छेदाने येते, अ भोवती मोमेंट घेऊन, २४ भागिले २.५. पण ब वर ती एका नजरेत दिसत असताना छेद घ्यायचं कारण नाही. साधारण असं म्हणता येईल की वरचे-खालचे मुख्य दांडे मोमेंटला चांगले प्रतिसाद देतात आणि आतल्या छोट्या टेकण्या सांध्याला.

आता चुकांबद्दल, कारण पद्धत निवडताना मला खरी काळजी याचीच असते. सांधा पद्धतीत प्रत्येक उत्तर मागच्या उत्तरावर उभं असतं. अ वरचा आकडा चुकला तर तो पुढे वाहत जातो, आणि वाहताना ओळखू येत नाही.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी अशीच एक कैची सोडवून वरिष्ठांकडे दिली होती. आधारावरच्या निम्म्या भाराची वजाबाकी विसरलो होतो. इथल्या आकड्यांत सांगायचं तर ४२ च्या जागी ४८ घेतले होते. काय होतं बघा. अ-ब मध्ये ७० ऐवजी ८० येतात, अ-ग मध्ये ५६ ऐवजी ६४. ब-ग आणि ग-क मात्र बरोबर येतात, कारण ते रिअॅक्शनवर अवलंबूनच नाहीत. ग-फ ५६ येतो, छेदातून फ-म ४० येतो, आणि फ वर फरक पुन्हा १६ चाच. म्हणजे फ-ह आणि क-फ बरोबर! सगळे सांधे जुळतात, छेदाचं उभं-आडवं संतुलनही जुळतं, कारण त्यातही तेच चुकीचे ४८ बसलेले असतात. मी तीन वेळा तपासलं होतं आणि तिन्ही वेळा जुळलं होतं.

वरिष्ठांनी फक्त शिखराचा सांधा लिहिला. सममितीमुळे मी तो सोडवलाच नव्हता, गरजच पडली नव्हती. बरोबर आकड्यांनी तिथे ड-श चा दाब २९.०४ ने वर ढकलतो, ह-श चा ताण २३.०४ ने खाली ओढतो. एका बाजूचे निव्वळ ६ वर, दोन बाजूंचे १२, आणि शिखरावरचा भार १२. जुळलं. माझ्या आकड्यांत ड-श मध्ये ५८.४ होते, त्याचा उभा घटक ३५.०४. एका बाजूचे १२, दोन्हींचे २४, आणि भार फक्त १२. सांधा उघडा पडला.

तेव्हापासून जो सांधा सोडवायची गरज पडली नाही तोच मी तपासायला घेतो. वापरलेली समीकरणं पुन्हा तपासली तर ती जुळणारच, त्यातून फक्त बेरीज-वजाबाकी तपासली जाते. न वापरलेलं समीकरण काहीतरी नवं सांगतं.

पडताळणीच्या छेदासाठीही हेच बघा. ह-श काढायचा आहे. शिखराजवळच्या त्याच छेदात बाकी दोन मेंबर, ड-श आणि फ-म, वाढवली तर कुठे मिळतात? ड-श ची रेषा म्हणजे वरचा दांडा, फ-म ची रेषा म्हणजे तळ. दोन्ही अ वर मिळतात. आणि अ मधूनच रिअॅक्शन जाते! म्हणून अ भोवतीच्या मोमेंटमध्ये रिअॅक्शन येतच नाही:

१२ × (२ + ४ + ६) = १४४

अ पासून ह-श च्या रेषेचं लंबांतर ६ मीटर, म्हणून २४ चा ताण. रिअॅक्शन बरोबर असो वा चूक, हे २४ पक्के. ड-श साठी मोमेंट फ भोवती:

४२ × ६.२५ − १२ × (४.२५ + २.२५ + ०.२५) = १८१.५

फ चं वरच्या दांड्यापासूनचं लंबांतर ३.७५, म्हणून ४८.४ चा दाब. सांध्यांच्या लांबच लांब साखळीतून आलेला आकडा इथे एका उडीत भेटतो. लंबांतर मात्र रेषेला काटकोनात मोजायचं. फ पासून वरच्या दांड्यापर्यंतचं उभं अंतर ४.६९ च्या जवळ येतं आणि घाईत तेच घातलं जातं. बल मग कमी येतं, म्हणजे चूक धोक्याच्या बाजूला होते. उभंच अंतर वापरायचं असेल तर बलाचा आडवा घटक मिळतो हे लक्षात ठेवा आणि त्याला ०.८ ने भागा.

आजकाल हे सगळं सॉफ्टवेअर करतं आणि सत्तावीसही आकडे क्षणात देतं. माझ्याकडे तपासायला आलेल्या कैचीत मी सांधे सोडवत बसत नाही. शिखराजवळ एक छेद घेतो, फ-म, ड-श आणि ह-श तीन मोमेंटनी काढतो आणि एक शिखराचा सांधा बघतो. भार चुकीच्या सांध्यावर दिला असेल, किंवा दोन्ही आधार आडवे जखडले असतील, तर फ-म मध्ये लगेच दिसतं. दुसरी चूक वरचेवर होते: दोन्ही टोकं घट्ट धरली की आधार आडवी रिअॅक्शन देऊ लागतात आणि तळाच्या दांड्याचा ताण ३२ पेक्षा बराच खाली येतो. मॉडेल जुळलेलं दिसतं, सगळे सांधे समतोलात असतात, पण प्रत्यक्षात भिंतीने तो जोर घेतला नाही तर दांडा अपुरा पडतो.

हे सगळं भार सांध्यांवरच येतो असं धरून आहे. छपराची आडवी तुळई ब आणि क च्या मधे बसली तर वरच्या दांड्यात वाकही येतो. मग त्या भाराचे वाटे आधी दोन्ही सांध्यांवर टाकून वरची आकडेमोड करायची आणि वाकाचा हिशेब त्या दांड्यासाठी वेगळा धरायचा. त्यात ना सांधा पद्धत मदत करते, ना छेद.

तुमच्या कैचीत पुढचं पाऊल एवढंच: शिखराजवळ छेद, शिखराभोवती मोमेंट, मधला दांडा. मग फ चा सांधा. आणि सगळं झाल्यावर शिखराचा सांधा लिहून बघा, तो मिटतो का ते कळवा.